गोडबोल्या माणसाचा गोडवा आणि त्याला खरंच तुमच्यात असलेला रस : फरक कसा ओळखायचा

"ताई, तो मला कॅप्टन म्हणतो."

मावसबहिणीचा फोन होता, रात्री साडेदहाचा. तीन महिन्यांपूर्वी तिने संध्याकाळचा एक बॅडमिंटनचा ग्रुप धरला होता आणि त्या ग्रुपमधल्या एका मुलाबद्दल मी गेले दोन आठवडे ऐकत होते. तो हसतो कसा, खेळून झाल्यावर पाण्याची बाटली आपणहून कशी पुढे करतो, ती दोन दिवस गेली नाही तर "तुझ्याशिवाय मजा नाही आली" असं कसं म्हणतो. आणि आता कॅप्टन.

मी एकच विचारलं, "बाकीच्यांना काय म्हणतो?"

फोनवर बराच वेळ शांतता. मग जरा पडलेल्या आवाजात, "एकाला डॉक्टर म्हणतो. एकीला वकीलसाहेब. म्हणजे... सगळ्यांनाच काहीतरी म्हणतो."

हा लेख त्या शांततेबद्दल आहे. काही माणसं मुळातच लाघवी असतात. त्यांना कौतुक करायला, डोळे मिचकावायला, थोडी लाइन मारायला आवडतं आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतूही नसतो. अडचण समोरच्याची होते. अशा माणसाला आपल्यात खरोखर रस असेल, तर तो ओळखायचा कसा? इतर कोणी जे केल्यावर आपण निःशंकपणे 'हा माझ्यात गुंततोय' म्हटलं असतं, ते तर हा दिवसातून दहा जणांशी करतो. लिहिण्याच्या सोयीसाठी मी 'तो' म्हणते आहे. तुमच्या बाबतीत 'ती' असेल तर तसं वाचा, पद्धत तीच.

पहिली पायरी : त्याची पट्टी ओळखा

गाणाऱ्या प्रत्येकाची एक पट्टी असते. ज्याची पट्टीच वरची आहे त्याने वरचा सूर लावला, तर त्यात विशेष काही नसतं. तो त्याचा रोजचा आवाज आहे. आपण चुकतो ते इथेच. आपण त्याचा सूर आपल्या पट्टीने मोजतो. 'मी कोणाला असं कधी म्हणेन? मनात काही असल्याशिवाय नाहीच म्हणणार. म्हणजे त्याच्याही मनात काहीतरी आहे.' हे तुमच्याबद्दल खरं असेल, त्याच्याबद्दल नाही.

तेव्हा पहिले दोन आठवडे तो तुमच्याशी कसा वागतो हे बघूच नका. तो इतरांशी कसा वागतो ते बघा. आणि 'इतर' म्हणजे कोणीही नाही, नेमकी चार प्रकारची माणसं निवडा : वयाने बरंच मोठं असलेलं कोणीतरी, ज्याच्याकडे त्याला आकर्षण वाटण्याचा प्रश्नच नाही असं कोणीतरी, ग्रुपमध्ये तुमच्याइतकंच किंवा तुमच्याहून नवं असलेलं कोणीतरी, आणि तुमच्याच वयाचं, तुमच्यासारखंच कोणीतरी.

पहिल्या दोघांशीही तो तितक्याच उत्साहाने, तितक्याच टोपणनावांसकट बोलत असेल, तर ते रसायन त्याच्या स्वभावात आहे. तो माणसांनाच भुलवतो, सगळ्या माणसांना. याउलट मोठ्यांशी मोजकं बोलतो, पण तुमच्या वयाच्या चौघींशी सारखाच खुलतो असं दिसलं, तर तो फ्लर्ट करतोय हे खरं, पण तुमच्याशी नाही. तो एका गटाशी करतोय आणि तुम्ही त्या गटात बसता, इतकंच.

नव्या माणसाचा नमुना बघायला सांगितला त्यालाही कारण आहे. नव्याचे नऊ दिवस हा प्रकार इथे फार फसवतो. बोलघेवड्या माणसाला नवा चेहरा म्हणजे नवा श्रोता. त्याचे सगळे जुने विनोद पुन्हा ताजे होतात. त्यामुळे नव्याने आलेल्या प्रत्येकाकडे तो पहिले काही आठवडे जास्तच लक्ष देतो. माझ्या मावसबहिणीनंतर महिन्याभराने ग्रुपमध्ये आणखी एक मुलगी आली. तिच्याकडे बघितल्यावर बरंच काही उलगडलं, पण ते पुढे सांगते.

दुसरी पायरी : तीन प्रश्न

हॅरल्ड केली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये एक साधी मांडणी केली. आपण दुसऱ्याच्या वागण्याचं कारण कसं ठरवतो, हा त्याचा प्रश्न होता. एखाद्या वागण्याचं मूळ त्या माणसात आहे, समोरच्यात आहे की प्रसंगात आहे, हे ठरवायला आपण तीन गोष्टी ताडून बघतो असं त्याचं म्हणणं. आपल्या कामासाठी ते तीन प्रश्न असे पडतात.

तो बाकीच्यांशीही असंच वागतो का? बाकीचे लोकही माझ्याशी असंच वागतात का? आणि तो माझ्याशी दर वेळी असंच वागतो का, की काही ठरावीक प्रसंगांतच?

पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर कारण त्याच्यात आहे, तो तसाच आहे. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, म्हणजे ग्रुपमधले सगळेच तुम्हाला हसून, आपुलकीने वागवत असतील, तर तुम्ही लोकांना आवडता किंवा तो ग्रुपच मनमोकळा आहे. छानच, पण त्यातून या एका माणसाबद्दल काही कळत नाही. तिसरा प्रश्न लोक विचारायलाच विसरतात. तो फक्त पार्टीत, फक्त मित्र जमले की, फक्त रात्री कंटाळा आला की तुमच्याशी गोड वागत असेल, तर कारण त्या प्रसंगात आहे. पार्टीत तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच झालं असतं.

तुमच्याबद्दल खास काही आहे असं म्हणायचं, तर उत्तरं साधारण अशी यायला हवीत : बाकीच्यांशी तो असं वागत नाही, आणि माझ्याशी वेगवेगळ्या प्रसंगांत, वेगवेगळ्या मूडमध्ये वागतो.

'असं' या शब्दात मात्र सगळी मेख आहे. 'असं' म्हणजे नेमकं काय मोजायचं?

तिसरी पायरी : गोडवा मोजू नका, खर्च मोजा

गोडबोल्या माणसाला कौतुक फुकट पडतं. "आज छान दिसतेस" म्हणायला तुमच्या एखाद्या लाजाळू मित्राला आठवडा लागेल. याला पाव सेकंद लागतो आणि पुढच्या मिनिटाला तो विसरलेलाही असतो. खोटं बोलतो असं नाही, त्या क्षणी त्याला तसं वाटलेलंच असतं. पण ज्या गोष्टीसाठी काही मोजावं लागत नाही, तिच्यावरून त्याला तिची किंमत किती आहे हे कळत नाही. म्हणून कौतुक, टोपणनावं, डोळ्यांत बघून हसणं, खांद्यावर टाकलेला हात, हृदयाचे इमोजी हे सगळं त्याच्या बाबतीत हिशेबातून सरळ वगळा. शून्य धरा.

मग उरतं काय? ज्यासाठी त्याला काहीतरी मोजावं लागतं ते. वेळ, तसदी, आखणी, आणि अवघडलेपण.

वेळेचं बघा. तुम्ही जिथे आपोआप भेटता ती जागा सोडून तो तुम्हाला भेटायला काही करतो का? ऑफिस, क्लास, ग्रुप, जिथे तुम्ही दोघं असणारच आहात, तिथला सगळा गोडवा हा रस्त्यात पडलेला वेळ आहे. रस असलेला माणूस त्या चौकटीबाहेर पडायचं निमित्त शोधतो, कधीकधी अगदी बावळट निमित्त.

मेसेजमध्ये सुरुवात कोण करतं ते बघा. फोन उघडा आणि गेल्या महिन्याभराच्या गप्पा वर सरकवत जा. मजकूर वाचू नका, वाचलात की पुन्हा विरघळाल. प्रत्येक दिवशी पहिला मेसेज कोणाचा आहे तेवढंच बघा. आणि त्याचा पहिला मेसेज कशावर आहे, तेही. तुमच्या स्टेटसवर उमटलेली हसरी चकती, सगळ्यांना गेलेला फॉरवर्ड, की तुमच्यासाठीच लिहिलेली ओळ? बोलघेवडा माणूस उत्तर फार सुंदर देतो. त्यामुळे गप्पा छान झाल्या हे आपल्या लक्षात राहतं आणि त्या दर वेळी आपणच सुरू केल्या होत्या हे विसरायला होतं.

दुसरा प्रश्न विचारतो का ते बघा. पहिला प्रश्न तो सगळ्यांना विचारतो : "काय मग, कसं चाललंय?" तुम्ही उत्तर देता, "कामाचा ताण आहे, नवी बॉस आली आहे." लाघवी माणूस इथे विनोद करतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. तुमच्यात रस असलेला विचारतो, "नवी म्हणजे जुन्या गेल्या का? त्यांच्याशी तर तुझं जमायचं." या दुसऱ्या प्रश्नासाठी पहिलं उत्तर ऐकलेलं असावं लागतं आणि मागचं काहीतरी आठवत असावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून "झाली का बोलणी बॉसशी?" असं विचारलं, तर त्याला मी पन्नास कौतुकांपेक्षा जास्त वजन देईन. इथेही ताडून बघा मात्र. काहींची स्मरणशक्तीच अशी असते की सगळ्यांच्या गुडघेदुखीची त्यांना खबर असते.

आणि प्रेक्षक गेल्यावर काय होतं ते बघा. माझ्या मते ही सगळ्यात स्वच्छ खूण आहे. लाघवीपणाला प्रेक्षक लागतो. चारचौघांत तो तुम्हाला चिडवतो, सगळे हसतात, त्याला मजा येते, तुम्हालाही येते. मग बाकीचे निघून जातात आणि तुम्ही दोघंच लिफ्टची वाट बघत उभे राहता. आता? फोन बाहेर निघतो का? "चल, पळतो" होतं का? की आवाज जरा खाली येतो, थट्टा कमी होते आणि तो साधं काहीतरी बोलायला लागतो? असे तीन-चार प्रसंग जमले की चित्र स्पष्ट होतं. दिवाणखान्यातला दिवा सगळ्यांसाठी असतो. पाहुणे गेल्यावर तो विझतो की तेवत राहतो, एवढंच बघायचं.

गोडवा कमी होतो तेव्हा

याला पायरी म्हणायचं की नाही कोण जाणे, पण हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगते.

आपण शोधत असतो की तो आपल्याशी *जास्त* गोड वागतो का. खरा रस असला तर कितीदा तरी उलटं होतं, गोडवा कमी होतो. सगळ्यांशी सफाईने बोलणारा माणूस एका व्यक्तीपुढे अडखळतो, कारण तिथे त्याला पहिल्यांदाच काहीतरी गमवायचं असतं. जिथे हरण्याची भीती नाही तिथे थट्टा सुचते. जिथे भीती आहे तिथे जीभ जड होते.

माझ्या पहिल्या नोकरीत एक सहकारी होता. सगळ्या मजल्याशी त्याची चेष्टामस्करी चालायची, चहाच्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका असायचा. मी गेले की हा गप्प. माझ्याशी बोलला तर कामाचं, तेही नीट वाक्यं जुळवून. मला वाटलं, मी याला आवडत नाही. वर्षभर मी त्याच्याशी फटकून वागले, कारण जो सगळ्यांशी हसतो आणि आपल्याशीच हसत नाही त्याचा राग यायचाच. नोकरी सोडताना त्याने एक ईमेल पाठवला. त्यात मी कधीतरी जाता जाता बोललेल्या तीन-चार गोष्टी होत्या, ज्या मीही विसरले होते. तेव्हा ट्यूब पेटली. (नाही, पुढे काही झालं नाही. तोवर माझं दुसरीकडे जमलं होतं.)

यातून 'गप्प आहे म्हणजे प्रेमात आहे' असा नियम काढू नका. तो गप्प असण्याचं कारण तुम्ही त्याला खरोखर आवडत नाही हेही असू शकतं. नियम इतकाच, की दिशा बघू नका, *फरक* बघा. त्याच्या रोजच्या पट्टीपासून तुमच्याशी असलेलं त्याचं वागणं वर किंवा खाली हटलंय का, आणि त्याच वेळी खर्चाच्या रकान्यात काही दिसतं का. गप्प आहे, पण तुमचं बोलणं लक्षात ठेवतो, तुमच्या आसपासची खुर्ची निवडतो, तुम्ही बोलताना बाकीचं थांबवतो : ही एक गोष्ट. गप्प आहे आणि संधी मिळताच उठून जातो : ही दुसरी.

हा फरक माणसांना बऱ्यापैकी जाणवतो, याला आधार आहे. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी स्पीड डेटिंगवर, म्हणजे एकाच बैठकीत अनेकांना थोडा थोडा वेळ भेटण्याच्या पद्धतीवर, केलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या भेटी अवघ्या चार मिनिटांच्या होत्या. तरीही ज्यांना समोरचा प्रत्येकच जण आवडत होता, ते इतरांना कमी आवडले, आणि ज्यांना नेमकी एखादीच व्यक्ती आवडली होती त्यांना त्या व्यक्तीकडून प्रतिसाद जास्त मिळाला. म्हणजे 'हा सगळ्यांशीच असा आहे' हे चार मिनिटांतही कुठेतरी कळत असतं. मग तीन महिने का कळत नाही? कारण तीन महिन्यांत आपल्याला तो आवडायला लागलेला असतो.

चौथी पायरी : लिहून काढा

मनातल्या मनात हिशेब करू नका. मन हवं तेच आठवतं. मी मावसबहिणीला दोन आठवडे वही ठेवायला लावली. तिने आधी नाक मुरडलं, "ताई, हे काय प्रोजेक्ट आहे का?" मग ठेवली. त्या काळात सहा संध्याकाळी ती खेळायला गेली. रोज घरी आल्यावर चार-पाच ओळी. डाव्या बाजूला तो तिच्याशी जे वागला ते, उजव्या बाजूला तसंच काही तो दुसऱ्या कोणाशी वागला का ते. एकच अट घातली होती : त्याच्या मागे फिरायचं नाही, त्याची प्रोफाइल खोदायची नाही, कोणाला विचारायचं नाही. सहज दिसेल तेवढंच.

दोन आठवड्यांनी आम्ही ती वही घेऊन बसलो.

डाव्या बाजूला बरंच काही होतं. "कॅप्टन आली, आता जिंकलो." बाटली पुढे केली. तिच्या नव्या रॅकेटचं कौतुक. एकदा टाळी देताना हात क्षणभर जास्त धरला (हे तिने अधोरेखित केलं होतं). रात्री सव्वाअकराला तिच्या स्टेटसवर "वा!" आणि मग वीस मिनिटं गप्पा.

उजवी बाजू भरायला तिला पहिले दोन दिवस काही सुचलंच नाही, कारण तिकडे तिने कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून ती भरू लागली. बाटली तो ज्याच्याबरोबर खेळतो त्या प्रत्येकाला देतो. नव्या आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी "चॅम्पियन" हे नाव मिळालं. "तुझ्याशिवाय मजा नाही आली" हे त्याने सत्तावन्न वर्षांच्या एका गृहस्थांनाही म्हटलं, आणि तेही तितकेच खूश झाले. टाळी देताना हात धरणं कोणाशी दिसलं नाही, म्हणून तो रकाना कोराच ठेवला.

मग आम्ही खर्चाकडे आलो. ग्रुपबाहेर भेटायचं त्याने काही सुचवलं? नाही. मेसेजची सुरुवात? चौदा दिवसांत चार वेळा गप्पा झाल्या. तीनदा तिने सुरुवात केली होती, एकदा त्याने, तीही स्टेटसवरून. दुसरा प्रश्न? तिच्या आईचं ऑपरेशन त्या आठवड्यात होतं आणि तिने त्याला ते सांगितलं होतं. त्याने "अरे बापरे, काळजी घे" म्हटलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. ते सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ मात्र पुढच्या भेटीत येऊन विचारून गेले. दोघंच असताना? सहापैकी दोन संध्याकाळी ते दोघं पार्किंगपर्यंत बरोबर चालत गेले. दोन्ही वेळा तो फोनवर बोलत होता.

ती वहीकडे बघत म्हणाली, "पण हात धरला तो?"

म्हणूनच लिहायला सांगते. चौदा दिवसांच्या वहीत एक कोरा रकाना होता आणि ती त्याच एका रकान्यात राहायला गेली होती.

वहीच्या मर्यादा

वही बघून शंभर टक्के सांगता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. संवादाचे अमेरिकी अभ्यासक जेफ्री हॉल यांनी केलेल्या एका प्रयोगात कोणाशी नातं जुळलेलं नसलेल्या विद्यार्थ्यांच्या 52 जोड्यांना, जे एकमेकांना ओळखत नव्हते, काही मिनिटं गप्पा मारायला बसवलं आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं : तुम्ही फ्लर्ट करत होता का, समोरचा करत होता का? समोरचा फ्लर्ट करत *नव्हता* हे 80 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखलं गेलं. पण करत होता तेव्हा मात्र पुरुषांनी ते सुमारे 36 टक्के वेळा ओळखलं आणि स्त्रियांनी 18 टक्के. म्हणजे लोक निसटवतात जास्त.

पण ते अनोळखी लोक होते, पहिल्याच भेटीतले. ज्याचा स्वभावच मिश्कील आहे त्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. तिथे फ्लर्टिंग दिसतंच, त्यामागे काही आहे का हे दिसत नाही. हॉल आणि सहकाऱ्यांनीच 2010 मध्ये फ्लर्ट करण्याच्या पाच शैली मांडल्या होत्या, त्यातली एक खेळकर शैली. या शैलीची माणसं मजेसाठी फ्लर्ट करतात, नातं जुळवायचा विचार मनात नसतानाही. त्यांच्याकडून हेतू वाचायला जाणं म्हणजे शीळ घालणाऱ्याला 'हे गाणं कोणासाठी?' असं विचारण्यासारखं आहे.

काही ठिकाणी वही उघडूच नका. ज्याचं कामच गोड वागण्याचं आहे, म्हणजे विक्रेता, प्रशिक्षक, रिसेप्शनवरची व्यक्ती, क्लायंट म्हणून तुम्हाला सांभाळणारा, त्याच्या कामाच्या वेळेतल्या वागण्यातून काही निघत नाही. जो तुमच्या हाताखाली काम करतो, त्याच्या हसण्यालाही तुम्ही रस समजू नका. त्याला तुमच्याशी गोड वागणं भाग असू शकतं. आणि फक्त मेसेजवरच्या ओळखीत ही पद्धत लंगडी पडते, कारण उजवी बाजू, म्हणजे तो इतरांना काय लिहितो, तुम्हाला दिसतच नाही.

आणखी एक गोम आहे. आठवडाभर खूप लक्ष आणि मग दहा दिवस काहीच नाही, असं चालू असेल तर ते 'गूढ' नसतं. अधूनमधून मिळणारी गोष्ट रोज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त ओढ लावते, जुगाराच्या यंत्राचं तंत्र तेच आहे. तुमची ओढ वाढली म्हणून त्याचा रस वाढला असं होत नाही.

पाचवी पायरी : साधं आमंत्रण

वहीत काही दिसो वा न दिसो, शेवटी विचारल्याशिवाय कळत नाही. पण गोडबोल्या माणसाला विचारायची रीत जरा वेगळी असते. त्याला 'हो' म्हणायची सवय असते. "कधीतरी भेटू या का?" असं विचारलंत तर तो "अगं, नक्की!" म्हणेल आणि तुम्ही आणखी दोन महिने त्या 'नक्की'वर जगाल.

म्हणून आमंत्रणात तीन गोष्टी असू द्या : दिवस, जागा, आणि दोघंच आहोत हे. "शनिवारी संध्याकाळी मी ते प्रदर्शन बघायला चालले आहे. तू येतोस का? आपण दोघंच." एवढंच. हसत, सहज. प्रेमाची कबुली द्यायची नाही, मत्सर जागवायला दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चार दिवस मुद्दाम तुटक वागून 'बघू याला काही वाटतं का' असले खेळही नाहीत. खेळात तो तुमच्यापेक्षा तरबेज आहे.

आता उत्तरातला गोडवा पुन्हा शून्य धरा आणि उरलेलं बघा. "हो, किती वाजता?" हे 'हो' आहे. "शनिवारी नाही जमणार, रविवारी चालेल का?" हेही 'हो' आहे, कदाचित जास्त भक्कम, कारण पर्याय शोधायची तसदी त्याने घेतली. "अरेरे, शनिवारी नेमकं काम आहे! पण तू भारी आहेस, असं काहीतरी शोधून काढतेस!" आणि पुढे काहीच नाही, हे 'नाही' आहे, छान कागदात गुंडाळलेलं. फार तर आणखी एकदा विचारावं. दुसऱ्यांदाही पर्याय आला नाही तर विषय संपला. तिसऱ्यांदा विचारणं हे तुमच्यासाठी वाईट आणि त्याच्यासाठी त्रासदायक.

'हो' आलं तरी त्याचा अर्थ रस आहे, इतकाच घ्या. तो रस किती दिवसांचा, त्याला त्यातून काय हवंय, तो आधीच कोणाबरोबर आहे का, हे वेगळे प्रश्न. ते पहिल्या-दुसऱ्या भेटीत तोंडाने विचारायचे असतात, वहीत शोधायचे नसतात.

मावसबहिणीने विचारलं. बुधवारी, खेळ संपल्यावर, पार्किंगकडे जाताना. त्याने फोन कानाला लावायच्या आत. तिने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं. "शनिवारी सहाला ते फोटोंचं प्रदर्शन आहे, येतोस का, आपण दोघंच?" तो थांबला, छान हसला आणि म्हणाला, "कॅप्टन, मस्त आयडिया! थांब, ग्रुपवर टाकतो, सगळेच जाऊ."

रात्री साडेदहाला पुन्हा फोन. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "ताई, त्याने खरंच ग्रुपवर टाकलं गं. अकरा जण येतायत." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून हिच्या आईने, नुकते टाके निघालेल्या मावशीने, काय झालं म्हणून हाक मारली.

ती अजून त्या ग्रुपमध्ये खेळते. तो अजून तिला कॅप्टन म्हणतो, आणि तिने त्याला एक नाव ठेवलं आहे, जे इथे लिहिता येणार नाही.